फोनमधला बॅकअप की ड्राइव्हवरचा? सर्व्हिस सेंटरला मेल करण्याआधी

मावशीच्या फोनचा टच गेला. स्क्रीन दिसायची, पण बोट लावलं तर काही हलायचं नाही. तिने सिम काढून घेतलं, फोन सर्व्हिस सेंटरला दिला आणि काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "बॅकअप घेतलाय ना? आधी रीसेट मारून बघणार आहोत." मावशी म्हणाली, "हो, तो रोज रात्री आपोआप होतो." जॉब शीटवर सही केली आणि घरी आली.

ती खोटं बोलली नव्हती. व्हॉट्सॲप ॲन्ड्रॉइडवर रोज पहाटे दोनच्या सुमारास बॅकअप घेतंच. फक्त तो घेतं त्याच फोनच्या पोटात. घराची दुसरी किल्ली घरातल्याच कपाटात ठेवावी तसं. रीसेटमध्ये चॅट जाते आणि तिच्यासोबत हा बॅकअपही जातो.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये `Chat backup` उघडलं की दोन ओळी दिसतात. एक `Local`ची, एक गूगलची. वरच्या ओळीत आजची तारीख दिसली की माणूस निर्धास्त होतो. खालची ओळ क्वचितच कोणी वाचतं. मावशीकडे त्या खालच्या ओळीत काय होतं ते फोन सेंटरमध्ये असतानाही कळू शकलं. तिच्याच गूगल खात्याने लॅपटॉपवर ड्राइव्ह उघडलं, `Storage` मध्ये जाऊन `Backups` बघितलं. शेवटची तारीख चार महिन्यांपूर्वीची. कारण नेहमीचंच: 2024 पासून व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या फुकटच्या 15 जीबीमध्ये मोजला जातो, आणि तिचे 15 जीबी नातवाच्या फोटोंनी कधीच भरले होते. पाच महिने बॅकअप नवा झाला नाही, तर गूगल जुनाही काढून टाकू शकतं. म्हणजे तिच्या हातात महिनाभर उरला होता.

तिथेच आणखी एका ओळीने गोंधळ घातला असता. यादीत फोनच्या नावाने वेगळा बॅकअप दिसतो, आणि तो कालचा होता. तो फोनचा: सेटिंग्ज, कॉल लॉग, एसएमएस, ॲप्सची यादी. व्हॉट्सॲपची चॅट त्यात येत नाही.

आता दोन्ही बॅकअपच्या आत काय असतं ते बघू, कारण मेलमध्ये काय मागायचं ते यावर ठरतं. ड्राइव्हवरच्या बॅकअपमध्ये मेसेज आणि फोटो, व्हॉइस मेसेज असं सगळं एकत्र जातं (व्हिडिओ मात्र वेगळी परवानगी दिली असेल तरच). फोनमधला बॅकअप म्हणजे `Databases` नावाच्या फोल्डरमधली एक कुलूपबंद फाइल, `msgstore.db.crypt14` किंवा शेवटी `crypt15`, आणि सोबत मागच्या काही दिवसांच्या तारखा घातलेल्या जुन्या प्रती. तिच्यात फक्त मेसेज. फोटो आणि आवाज शेजारच्या `Media` फोल्डरमध्ये सुटे पडलेले असतात. मावशीला काकांचे व्हॉइस मेसेज हवे होते. नुसतं `Databases` कॉपी केलं असतं तर चॅट परत आली असती आणि काकांच्या आवाजाच्या जागी न उघडणाऱ्या रिकाम्या पट्ट्या. म्हणून अख्खं फोल्डर मागायचं:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp
```

मेलचा पहिला मसुदा मावसभावाने लिहिला होता: "कृपया आमचा डेटा सुरक्षित ठेवावा." असा मेल कुणी मनावर घेत नाही. डेटाची जबाबदारी ग्राहकाची, हे जॉब शीटवर छापलेलं असतं, आणि बहुतेक सेंटर ग्राहकाच्या फाइल्स कॉपी करायला हातच लावत नाहीत. ते बरंच आहे. आपल्याला त्यांच्याकडून जपणूक नको होती, थांबणं हवं होतं. आणि थांबण्यालाही मुदत हवी, कारण दुरुस्तीचे दिवस त्यांना वर कळवावे लागतात. "कळवेपर्यंत थांबा" म्हटलं की फोन दुरुस्त न करताच परत येण्याची शक्यता जास्त. शेवटी गेलेला मेल असा:

विषय: जॉब शीट क्र. … – सोमवार संध्याकाळी 5 पर्यंत रीसेट करू नये

"नमस्कार. वरील जॉब शीटवरचा फोन आपल्याकडे टच चालत नसल्याने दिला आहे. काउंटरवर मी बॅकअप घेतल्याचं सांगितलं होतं. तो फोनच्या आतच असल्याचं आता लक्षात आलं. कृपया सोमवार संध्याकाळी 5 पर्यंत फॅक्टरी रीसेट, सॉफ्टवेअर टाकणं किंवा बोर्ड बदलणं यांपैकी काहीही करू नये. सोमवारी सकाळी 11 वाजता मी माउस आणि पेनड्राइव्ह घेऊन येईन आणि कॉपी स्वतः करेन. साधारण तासभर लागेल. झाल्यावर रीसेटची परवानगी याच मेलवर लेखी देईन. फोन सध्या रीसेट झालेला नाही एवढं उत्तरात कळवावं."

बोर्डाचा उल्लेख मुद्दाम. हल्लीच्या ॲन्ड्रॉइडमध्ये डेटा कुलूपबंद असतो आणि त्याची चावी त्याच बोर्डावरच्या चिपमध्ये राहते. बोर्ड बदलला की रीसेट न करताही सगळं गेलं. रीसेटमध्येही चावीच नष्ट होते, त्यामुळे नंतर "रिकव्हरी करून देतो" म्हणणाऱ्या दुकानांत पैसे घालवू नयेत. स्क्रीन लॉकचा पिन मेलमध्ये दिला नाही. तो मावशीनेच तिथे टाकला.

फोन परत येईपर्यंत मावसभाऊ तिचं सिम जुन्या फोनमध्ये घालून व्हॉट्सॲप सुरू करणार होता. त्याला थांबवलं. दुसऱ्या फोनवर तोच नंबर चालू झाला की सेंटरमधल्या फोनवरचं व्हॉट्सॲप लॉगआउट होतं. शिवाय नव्या फोनने रात्री त्याच गूगल खात्यावर बॅकअप घेतला, तर चार महिन्यांपूर्वीचा होता तोही पुसून त्यावर दोन दिवसांची चॅट बसते.

सोमवारी टाइप-सीच्या हबला माउस आणि पेनड्राइव्ह लावला. स्क्रीनवर बाण आला, मावशीने माउसने एकेक आकडा दाबून पिन टाकला. आधी `Chat backup` मध्ये जाऊन बॅकअपचं बटण दाबलं. ड्राइव्हवर जागा नसल्याने तो पुढे अडकला, पण `Local`ची वेळ बदलून सकाळची 11:20 झाली, आणि तेवढंच हवं होतं. मग फाइल मॅनेजरमधून फोल्डर पेनड्राइव्हवर. ते घरच्या लॅपटॉपवर उघडून फाइलची तारीख बघितली, एक व्हॉइस मेसेज वाजवून बघितला, आणि मगच परवानगीचा मेल पाठवला. रीसेटने टच सुधारला नाहीच, डिस्प्ले बदलावा लागला.

फोन परत आल्यावर आधी फोल्डर त्याच जागी ठेवलं, मग व्हॉट्सॲप टाकलं, त्याच नंबरवर ओटीपी घेतला. ॲप आधी गूगलवरचा बॅकअप शोधायला गूगल खात्याची परवानगी मागतं. तिथे घाईने हो म्हटलं की चार महिन्यांपूर्वीची चॅट उतरू शकते. ती परवानगी न देता पुढे गेलं की ॲप फोनमधली फाइल शोधतं. ती सापडली. मावशीने सगळ्यात आधी काकांचं नाव शोधलं आणि फोन कानाला लावला.