मायक्रो-इन्फ्लुएन्सर मोहीम

साधारण दहा हजार ते एक लाख फॉलोअर असलेल्या अनेक क्रिएटरना उत्पादन पाठवून, त्यांच्या रील-पोस्टमधून विक्री मिळवण्याची पद्धत. पैसे न ठरवता माल नुसता पाठवला तर त्याला ‘सीडिंग’ म्हणतात.

निवड करताना फॉलोअरचा आकडा फारसा उपयोगी पडत नाही. शेवटच्या बारा रील घ्याव्यात, पिन केलेल्या आणि गिव्हअवेच्या वगळाव्यात आणि उरलेल्यांच्या व्ह्यूजचा मध्यक काढावा. सरासरी घेतली तर एखादी व्हायरल रील सगळा हिशोब फुगवते. क्रिएटरकडून इनसाइट्सचे स्क्रीनशॉट मागवून सेव्ह, शेअर आणि प्रेक्षकांची शहरे पाहावीत. कमेंटमध्ये ‘कुठे मिळेल?’, ‘तिखट आहे का?’ असे प्रश्न असतील तर तो प्रेक्षक खरेदीच्या जवळ आहे. नुसते इमोजी, तेही त्याच त्या खात्यांवरून, हे आपापसात ठरवून केलेल्या कमेंटचे लक्षण असते.

मानधन क्रिएटरच्या दरपत्रकावरून नव्हे, आपल्या नफ्यावरून ठरवावे. समजा, गोडा मसाल्याच्या तीन पाकिटांचा संच 900 रुपयांचा आहे. माल 360, कुरिअर आणि पेमेंटचा खर्च 110, कूपनची सूट 90. हाती उरतात 340. हेच 300 रुपयांचे सुटे पाकीट विकले, तर 120 चा माल, 80 चा कुरिअर-पेमेंट खर्च आणि 30 ची सूट जाऊन जेमतेम 70 उरतात. म्हणजे 2,000 रुपये मानधन भरून काढायला संचाच्या सहा ऑर्डर पुरतात, सुट्या पाकिटांच्या मात्र 29 लागतात. स्वस्त वस्तूंच्या मोहिमा बहुधा इथेच बुडतात.

आता 30 क्रिएटरना एकेक संच पाठवला. माल आणि कुरिअर धरून प्रत्येकी 450, एकूण 13,500 रुपये. प्रत्येकाला वेगळे कूपन आणि वेगळी लिंक दिली. कूपनवर संचाच्या 44 ऑर्डर आल्या, म्हणजे प्रत्येकी 340 प्रमाणे हाती 14,960 रुपये. वरवर पाहता फायदाच. पण ग्राहकांचे फोन नंबर जुन्या यादीशी ताडले, तर नऊ जण आधीचेच निघाले. ते एरवीही घेणार होते असे धरले, तर त्यांना दिलेली 810 रुपयांची सूट हा उलट तोटाच. उरलेल्या 35 ऑर्डरचे 11,900. त्यातून ही सूट आणि 13,500 चा खर्च वजा केला, तर एकूण 2,410 रुपये कमी. याउलट कूपन न वापरता थेट आलेले ग्राहक या मोजणीतून निसटतात, म्हणून ऑर्डरच्या वेळी ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हा प्रश्न विचारावा.

तरीही हा खर्च वाया गेला असे नाही. ऑर्डर सहसा चार-पाच जणांकडूनच येतात आणि पुढचे मानधन फक्त त्यांनाच द्यायचे असते: थोडी ठरावीक रक्कम, वर प्रत्येक नव्या ग्राहकामागे कमिशन. त्यांचा व्हिडिओ आपल्या जाहिरातीत वापरायचा असेल तर मुदत आणि वेगळा दर आधीच लेखी ठरवावा.

फुकट मिळालेला माल दाखवतानाही तसे स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेची (ASCI) इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली 2021 पासून लागू आहे.