गुडघा दुखतो, पण दोष खुब्यात

जिथे दुखते तिथेच दोष असतो, असे आपण सहज गृहीत धरतो. शाळकरी मूल लंगडू लागले आणि त्याने गुडघ्यावर हात ठेवला, की घरात गुडघ्यालाच मलम चोळले जाते आणि पुष्कळदा दवाखान्यातही एक्स-रे गुडघ्याचाच निघतो. तो निर्दोष आला की ‘मुका मार असेल’ किंवा ‘वाढत्या वयाचे दुखणे आहे’ असे सांगून विषय संपवला जातो. वाढत्या वयात पाय दुखतात हे खरे आहे. पण ते दुखणे बहुधा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होते, आणि सकाळी मूल पुन्हा धावायला लागते. त्या दुखण्याने मूल लंगडत नाही. म्हणून एकाच पायाने लंगडणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे निदान स्वीकारण्यापूर्वी त्याचा खुबा, म्हणजे मांडीचे हाड कमरेला जिथे जोडले जाते तो सांधा, तपासलाच पाहिजे.

उदाहरण म्हणून बारा वर्षांचा, वयाच्या मानाने बराच जाड असलेला एक मुलगा घेऊ. तीन आठवड्यांपासून त्याचा उजवा गुडघा आणि मांडीची आतली बाजू दुखते आहे. तो चालतो, शाळेत जातो, पण लंगडतो, आणि चालताना त्याचे उजवे पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असते. ताप नाही, गुडघ्यावर सूज नाही, दाबून पाहिले तर गुडघा कुठेच दुखत नाही. गुडघ्याची तक्रार आणि निर्दोष गुडघा ही विसंगतीच खरे तर खुब्याकडे बोट दाखवते.

यामागची यंत्रणा मज्जातंतूंमध्ये आहे. ऑब्च्युरेटर नावाचा मज्जातंतू कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या आतल्या बाजूने खाली उतरतो; त्याची एक शाखा खुब्याच्या सांध्याला जाते आणि दुसरी गुडघ्याच्या सांध्याला. दोन्हीकडच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोहोचतात आणि तिथून पुढे मेंदूकडे जाताना त्यांच्या वाटा बऱ्याच अंशी एक होतात. पुढच्या आणि मागच्या दाराची बटणे एकाच घंटीला जोडलेली असावीत, तसा हा प्रकार आहे: घंटी वाजल्याचे कळते, पण कोणत्या दाराशी कोण आले ते कळत नाही. खुबा स्नायूंच्या खाली खोलवर दडलेला असल्यामुळे तिथल्या वेदनेची नेमकी जागा मेंदूला नीट ठरवता येत नाही आणि ती गुडघ्याच्या नावावर टाकली जाते. मूल खोटे बोलत नसते. त्याला खरोखरच गुडघ्यात दुखत असते.

आता त्या खुब्यात काय घडले आहे ते पाहू. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोल माथा असतो आणि त्याखाली तिरकी मान असते. वाढ पूर्ण होईपर्यंत या दोघांमध्ये कूर्चेची एक पातळ चकती असते. हाड लांब होते ते या चकतीत, म्हणून तिला वाढीची चकती म्हणतात. वयात येताना वाढीचा वेग अचानक चढतो, चकती अधिक उभट कलते आणि तिच्यातील मोठ्या, फुगलेल्या पेशींचा थर हा तिचा सर्वांत कच्चा भाग ठरतो. त्यात वजन जास्त असेल तर प्रत्येक पावलाला माथा आणि मान यांना एकमेकांवरून सरकवणारा जोर वाढतो, आणि कधी हळूहळू, तर कधी अचानक, त्या दोघांमधला जोड तिथेच सुटू लागतो. गंमत अशी, की माथा आपल्या खोबणीतच राहतो. सरकते ती मान, पुढे आणि वर, आणि त्यामुळे मानेच्या तुलनेत माथा मागे व खाली गेल्यासारखा दिसतो. पाय बाहेर वळतो तो याचमुळे. या विकाराला स्लिप्ड कॅपिटल फेमोरल एपिफिसिस म्हणतात आणि तो प्रामुख्याने 10 ते 16 या वयात आढळतो.

तपासणी साधी आहे. मुलाला पाठीवर निजवून डॉक्टर गुडघा हळूच छातीकडे नेतात. निरोगी पाय सरळ छातीकडे येतो. या विकारात मात्र गुडघा आपोआप बाहेर, खांद्याच्या दिशेला वळतो आणि पाय आतल्या बाजूला फिरवता येत नाही. त्यानंतर दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढावा लागतो, समोरून आणि बाजूनेही. समोरच्या चित्रात मानेच्या वरच्या कडेवरून रेघ ओढली तर ती माथ्याचा थोडा भाग छेदून गेली पाहिजे. ती माथ्याला न छेदता वरून निघून गेली तर माथा सरकला आहे. मात्र सरकणे मुख्यतः मागच्या दिशेने असल्यामुळे सुरुवातीला केवळ समोरचे चित्र फसवू शकते, आणि म्हणूनच बाजूचे चित्र टाळून चालत नाही.

आपल्या उदाहरणातल्या मुलाचा खुबा तपासलाच गेला नाही असे समजा. चौथ्या आठवड्यात जिन्यावर त्याचा पाय किंचित घसरतो, तो किंचाळतो आणि कुबड्या दिल्या तरी त्याला त्या पायावर भार देता येत नाही. इथे चित्र पूर्ण बदलते. माथ्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेच्या मागच्या बाजूने, हाडाला चिकटून वर चढतात. वाढीची चकती मध्ये असल्यामुळे मानेतून थेट माथ्यात रक्त जात नाही. माथा झटक्याने सरकला तर या वाहिन्या ताणल्या, पिळल्या किंवा तुटू शकतात, आणि रक्ताअभावी माथ्याचे हाड मरून पुढे ढासळते. 1993 साली अमेरिकेतील रँडल लोडर आणि सहकाऱ्यांनी जे रुग्ण तपासले, त्यांत कुबड्यांनीही चालता न येणाऱ्यांपैकी 47 टक्के खुब्यांत असे घडले होते. चालू शकणाऱ्यांपैकी एकातही नाही. नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण कमी आढळले, तरी दोन गटांतला फरक कायम राहिला.

म्हणून चालता येत असेल तोवर निदान व्हावे. एक्स-रेत माथा सरकलेला दिसला, तर ‘पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांना दाखवू’ असे म्हणून मुलाला चालवत घरी नेऊ नये. त्याला लगेच चाकाच्या खुर्चीत बसवून त्याच दिवशी हाडांच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे. पायाळू माणसाची लाथ बसली की लचक उतरते, हा समज पाठीच्या उसणीपुरता राहिला तर फारसे बिघडत नाही, कारण ती उसण एरवीही आपोआप उतरते. पण सरकलेल्या खुब्याला हाडवैद्याने पाय ओढून दिलेला एक हिसका त्या वाहिन्या तोडायला पुरेसा ठरू शकतो. शल्यचिकित्सकसुद्धा हळूहळू सरकलेला माथा जोर लावून जागेवर बसवत नाहीत. बहुतेकदा तो आहे त्या स्थितीतच ठेवून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, मानेतून माथ्याच्या मध्यापर्यंत एक स्क्रू बसवतात, म्हणजे सरकणे थांबते आणि चकती कालांतराने हाडाने भरून जाते.

लंगडण्याबरोबर ताप असेल तर मात्र प्रश्न दिवसांचा नसून तासांचा असतो. खुब्यात पू झाल्यास त्यातील विकरे सांध्याची कूर्चा झपाट्याने खातात आणि आतला वाढता दाब माथ्याचा रक्तपुरवठा अडवतो. असे मूल पाय टेकायला नकार देते आणि खुबा हलवू देत नाही. तान्हे बाळ तर लंगडतही नाही, ते फक्त एक पाय हलवत नाही आणि लंगोट बदलताना रडते. लहान मुलांत सर्दी-खोकल्यानंतर खुब्याला येणारी तात्पुरती सूज बरीच जास्त आढळते आणि विश्रांतीने बरी होते, पण ती पू नसल्याची खात्री झाल्यावरच मानायची असते. या टप्प्यावर घरातल्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या देणे घातक, कारण त्यांनी ताप उतरतो, रक्ताच्या तपासण्या संदिग्ध येतात आणि पू तिथेच राहतो.

स्क्रू बसवल्यानंतरही मुलाला दोन्ही बाजूंच्या चकत्या बंद होईपर्यंत ठरावीक काळाने तपासावे लागते, कारण दुसरा खुबाही पुढे सरकू शकतो. विकार दहा वर्षांच्या आत दिसला, किंवा मूल जाड नसूनही झाला, तर थायरॉइड आणि मूत्रपिंड यांचे काम तपासून घेतात. आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी मुलाने दुसऱ्या पायाच्या गुडघ्याबद्दल तक्रार केली, तर त्या वेळी पहिला एक्स-रे खुब्याचाच काढतात.