सुताराच्या डोक्यात गादी नसते

"जांबोटीकडं सागावर दिवसभर टकटक चालते. सुतार पक्ष्याची जीभ मेंदूला गुंडाळलेली असते, म्हणून धक्का बसत नाही, खरं ना?"

नाही. जिभेची लांब हाडं कवटीच्या बाहेरून, मागून वर, नाकपुडीपर्यंत जातात. ती जीभ खोल भोकात घालून किडे ओढण्यासाठी असतात.

कवटीतलं सच्छिद्र हाड धक्का शोषतं, हे मीही वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो. पण विचार करा: डोकं स्पंजासारखं दबलं, तर लाकूड फोडायची ताकदच वाया जाईल. अँटवर्पच्या संशोधकांनी 2022 मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्यानं 3 जातींच्या सुतारांच्या चोचीवरचे आणि डोळ्याजवळचे बिंदू तपासले. चोच थांबते तितक्याच झटक्यानं डोळाही थांबतो. मधे धक्का शोषलाच जात नाही. डोकं म्हणजे घट्ट हातोडा!

मग मेंदू वाचतो कसा? आकारामुळं. तो जेमतेम काही ग्रॅमचा. माणसाचा सुमारे 1400 ग्रॅमचा. तितक्याच झटक्यात मेंदू जितका लांबीला मोठा, तितका आत दाब जास्त. म्हणून आपल्याला भोवळ आणणारा झटका त्याला सहज सोसतो. मात्र पूर्ण जोरानं लोखंडावर चोच आपटली, तर तोही धोक्यात येऊ शकतो.