फायबरच्या कॅलरी: कर्बोदकांच्या आत की बाहेर?

प्रथिनांना चार, स्निग्ध पदार्थांना नऊ आणि कर्बोदकांना चार कॅलरी दर ग्रॅममागे, हे गणित आता कुणालाही शिकवावे लागत नाही. कॅलरी मोजणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत ते असते. गोंधळ सुरू होतो फायबरपाशी. एक गट म्हणतो, फायबर हेही कर्बोदकच, मग चारने गुणा. दुसरा गट म्हणतो, ते पचतच नाही, म्हणून शून्य धरा. दोन्ही चूक आहेत. पण त्याहून मोठी चूक अशी की, समोरच्या तक्त्यातल्या कर्बोदकांच्या आकड्यात फायबर आधीच धरलेले आहे की नाही, हे न बघताच दोघेही गुणाकार करत सुटतात.

आधी चारचा आकडा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी अन्न जाळून त्यातली उष्णता मोजली, ते खाणाऱ्या माणसाच्या मलातून किती ऊर्जा बाहेर गेली तेही मोजले आणि वजाबाकीतून हे सरासरी गुणक काढले. त्या मिश्र आहारात कर्बोदके म्हणजे मुख्यतः स्टार्च आणि साखर. फायबर थोडेच असल्याने सगळ्यांना मिळून चार लावले तरी फारसे बिघडत नव्हते. हरभरा किंवा ज्वारी रोज ताटात असणाऱ्यांचे मात्र बिघडते.

स्टार्च आणि फायबरमधला एक मुख्य घटक असलेला सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्या साखळ्या. जाळल्या तर जवळजवळ सारखीच उष्णता देतात. फरक आहे तो कड्या जोडण्याच्या पद्धतीत. स्टार्चमधले जोड आपल्या लहान आतड्यातली विकरे तोडतात, सेल्युलोजमधले जोड तोडणारे विकर आपल्याकडे नाही. त्यामुळे फायबर जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथले जिवाणू त्यातला काही भाग आंबवतात आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात. ती आपण शोषून घेतो, म्हणून फायबरला शून्य धरणे चूक. पण जिवाणू ही ऊर्जा आपल्याला फुकट देत नाहीत. काही भाग ते स्वतःच्या वाढीसाठी वापरतात, काही उष्णता म्हणून जातो, काही वायूंच्या रूपात. उसळ खाल्ल्यावर पोट फुगते ते याच कामामुळे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2003 साली याचा हिशेब असा मांडला: आंबणाऱ्या फायबरपासून ग्रॅममागे सुमारे 11 किलोज्यूल मिळतात, न आंबणाऱ्यापासून काहीच नाही. नेहमीच्या आहारातले सुमारे 70 टक्के फायबर आंबते असे धरले, की सरासरी 8 किलोज्यूल, म्हणजे सुमारे दोन कॅलरी. चारच्या बरोबर निम्मे.

आता खरी अडचण. ‘कर्बोदके’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी छापला जातो आणि त्या दोन्हींचे आकडे फार वेगळे असतात.

अन्नात कर्बोदके किती हे पुष्कळदा थेट मोजत नाहीत. 100 ग्रॅममधून पाणी, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि जाळल्यावर उरणारी राख वजा करतात आणि उरेल त्याला कर्बोदके म्हणतात. या उरलेल्यात फायबर असतेच. ही ‘एकूण कर्बोदके’. त्यातून फायबरही वजा केले की उरतात ती ‘उपलब्ध कर्बोदके’, म्हणजे ज्यांना चारचा गुणक खऱ्या अर्थाने लागू पडतो ती. अमेरिकेतल्या पाकिटावर पहिला आकडा असतो आणि फायबर त्याच्या खाली थोडे आत सरकवून लिहिलेले असते. युरोपातल्या पाकिटावर दुसरा आकडा असतो आणि फायबरची ओळ स्वतंत्र.

अख्खा हरभरा घ्या, कोरडा, 100 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यात प्रथिने 18.8, स्निग्ध पदार्थ 5.1, फायबर 25.2 आणि कर्बोदके 39.6 ग्रॅम आहेत. ही कर्बोदके उपलब्ध, म्हणजे फायबर वगळून. अमेरिकी पद्धतीने हाच हरभरा 64.8 ग्रॅम कर्बोदकांचा होईल.

त्या 64.8ला सरसकट चारने गुणले तर प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ धरून बेरीज साधारण 380 कॅलरी येते. 39.6ला चार आणि 25.2ला दोन लावले तर 330. शंभर ग्रॅममागे पन्नास कॅलरी, केवळ फायबरचा गुणक चुकल्यामुळे. आणि ज्याने ‘नेट कार्ब्स’, म्हणजे फायबर वगळून उरणारी कर्बोदके, काढायची म्हणून 39.6मधून पुन्हा 25.2 वजा केले, त्याच्याकडे उरतात 14.4 ग्रॅम. हरभऱ्यात एवढीच पचणारी कर्बोदके असतात असे मानणारे तक्ते मी इतक्यांदा पाहिले आहेत की आता कुणी ‘नेट’ म्हटले की मी आधी विचारते, कशातून वजा केलेत?

आपल्याकडे यात आणखी एक जुना गुंता आहे. त्याच संस्थेच्या जुन्या तक्त्यात हरभऱ्याचे फायबर फक्त 3.9 ग्रॅम होते, कर्बोदके 60.9 आणि कॅलरी 360. हरभरा बदलला नाही, मोजण्याची रीत बदलली. ते ‘क्रूड फायबर’ होते: नमुना आधी सौम्य आम्लात, मग सौम्य अल्कलीत उकळायचा आणि जो चोथा उरेल तो मोजायचा. या उकळण्यात पेक्टिनसारखे विरघळणारे फायबर आणि बरेचसे हेमिसेल्युलोज निघून जाते. ते चोथ्यात सापडले नाही, म्हणून वजाबाकीत कर्बोदकांच्या रकान्यात जाऊन बसले आणि त्याला चारचा गुणक लागला. जुन्या तक्त्यावरून कॅलरी काढून त्यात नव्या तक्त्यातले फायबर मिसळू नका. एका पदार्थाचे सगळे आकडे एकाच तक्त्यातून घ्या.

विरघळणारे आणि न विरघळणारे हा फरक इथे दुय्यम आहे. अमेरिकी नियम विरघळणाऱ्याला दोन आणि न विरघळणाऱ्याला शून्य धरू देतात, सरसकट चारही चालवून घेतात. पण ऊर्जा ठरते आंबण्यावरून, विरघळण्यावरून नव्हे. इसबगोल पाण्यात घट्ट जेल होतो, तरी आतड्यात फारसा आंबत नाही. त्याला दोन धरणेही थोडे जास्तच.

पाकिटावर फायबर आत आहे की बाहेर हे ओळखायला शब्दांवर विसंबू नका, बेरीज करा. प्रथिने गुणिले चार, स्निग्ध पदार्थ गुणिले नऊ, कर्बोदके गुणिले चार. समजा वरच्याच हरभऱ्याच्या पाकिटावर कर्बोदके 39.6, फायबर 25.2 आणि ऊर्जा 330 छापली आहे. बेरीज 279 येते, पन्नासएक कमी पडतात, आणि 25.2 गुणिले दोन पन्नासच. म्हणजे फायबर बाहेर आहे, त्याला दोन लावून ऊर्जेत धरले आहे, तुम्ही काहीही वजा करायचे नाही. कर्बोदके 64.8 आणि ऊर्जा 380 असेल तर बेरीज तंतोतंत जुळेल. तेव्हा फायबर आत आहे आणि त्याला चार लागले आहेत. फायबरच्या ग्रॅमची दुप्पट, म्हणजे पन्नास, ऊर्जेतून तुम्हीच काढा.