दोन एजंटांमधील दलालीची वाटणी

एकाच व्यवहारात विकणारा एका एजंटाने आणि घेणारा दुसऱ्याने आणलेला असला, तर मिळणारी दलाली दोघांत कशी वाटायची याची रीत. मुंबई, ठाणे आणि पुण्यातल्या जुन्या, म्हणजे रीसेल फ्लॅटच्या बाजारात ती सर्वांत स्पष्ट दिसते. तिथे बहुतेक एजंट एकेकटे किंवा छोट्या कार्यालयातून काम करतात. मालकाची माहिती एकाकडे, ग्राहक दुसऱ्याकडे, असे रोजच घडते. दलालीचा दर किंवा वाटणीचे प्रमाण कोणत्याही कायद्याने ठरवून दिलेले नाही. दर साधारणपणे प्रत्येक बाजूकडून किमतीच्या एक ते दोन टक्के असतो आणि वाटणी बोलीवर चालते.

रूढ पद्धतीला बाजारात ‘साइड बाय साइड’ म्हणतात. विक्रेत्याच्या एजंटाने विक्रेत्याकडून घ्यायचे, खरेदीदाराच्या एजंटाने खरेदीदाराकडून घ्यायचे आणि एकमेकांच्या रकमेत डोकवायचे नाही. एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लॅटची माहिती टाकताना शेवटी ‘साइड बाय साइड’ आणि ‘डायरेक्ट ओनर’ असे दोन शेरे दिसतात. दुसऱ्याचा अर्थ असा की माहिती टाकणारा थेट मालकाशी बोलतो आहे, मध्ये आणखी कोणी नाही. हा शेरा नसेल तर जाणता एजंट आधी तेच विचारतो, कारण त्या बाजूच्या दलालीचे किती तुकडे होणार हे त्यावरून कळते.

ही पद्धत टिकली आहे ती हिशेब सोपा असल्यामुळे. एकाला दुसऱ्याच्या हातून पैसे घ्यायचे नसल्याने वसुलीचे भांडण होत नाही. कष्ट कोणाचे जास्त, हा प्रश्नही उठत नाही. खरे तर कष्ट सारखे नसतातच. विक्रेत्याच्या एजंटाला भागप्रमाणपत्र, सोसायटीचा ना हरकत दाखला, जुन्या करारांची साखळी आणि बँकेचा बोजा असल्यास त्याची कागदपत्रे गोळा करावी लागतात. खरेदीदाराचा एजंट कुटुंबाला पंधरा घरे दाखवत फिरतो, कर्ज मंजूर होईपर्यंत थांबतो आणि एखाद्या काकांना वास्तू पसंत नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. या दोन कामांचे वजन नंतर तराजूत घालून कोणालाच सांगता येत नाही. एक मात्र नक्की, दोघांपैकी एक जरी नसता तरी हा सौदा या दोन माणसांत झाला नसता. समान वाटणीला आधार आहे तो एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

अडचण दोन्ही बाजू सारखे पैसे देत नाहीत तेव्हा येते. ठाण्यात 1 कोटी 20 लाखांना ठरलेला फ्लॅट घेऊ. विक्रेत्याने आपल्या एजंटाला एक टक्का कबूल केला आहे, म्हणजे 1,20,000 रुपये. खरेदीदाराने आपल्या एजंटाला दोन टक्के, म्हणजे 2,40,000 रुपये. साइड बाय साइड ठरले असेल तर एकाला दुसऱ्याच्या दुप्पट मिळतात आणि तक्रारीला जागा नाही, कारण प्रत्येकाने आपला दर आपणच ठरवला. पण ‘दोन्ही बाजूंचे मिळून अर्धे-अर्धे’ असे ठरले असेल तर एकूण 3,60,000 होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला 1,80,000 येतात. खरेदीदाराच्या एजंटाने वसूल केलेल्यातून 60,000 दुसऱ्याला द्यायचे. विक्रेता दलाली देणारच नाही असे आधीच दिसत असेल तेव्हा हा दुसरा मार्ग न्याय्य असतो. नाहीतर विक्रेत्याच्या एजंटाने घर शोधून द्यायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे, असे होईल. आणि त्याला हे आधीच कळले तर तो ते घर दाखवणारच नाही.

एकत्र गोळा करून वाटण्यात एक खोट आहे. नोंदणीच्या आदल्या दिवशी खरेदीदार म्हणतो, ‘साहेब, दीड टक्क्यावर मिटवा.’ त्याच्या एजंटाने मान डोलवली तर एकूण रक्कम 60,000 नी कमी होऊन 3,00,000 राहते. प्रत्येकाला 1,50,000. म्हणजे सूट दिली एकाने आणि तिचा अर्धा भार उचलला दुसऱ्याने, ज्याला कोणी विचारलेही नाही. दुसऱ्याच्या खिशातून सूट देणे सोपे असल्यामुळे अशी सूट लवकर दिली जाते. म्हणून अनुभवी एजंट आधीच एक अट घालतात: विचारल्याशिवाय दिलेली सूट देणाऱ्याच्या वाट्यातून जाईल. या अटीप्रमाणे वरच्या उदाहरणात विक्रेत्याच्या एजंटाला 1,80,000 आणि सूट देणाऱ्याला 1,20,000 मिळतात. साइड बाय साइडमध्ये ही अट वेगळी लिहावी लागत नाही, ती पद्धतीतच आहे.

जीएसटीमुळे अर्धे म्हणजे नेहमी अर्धे राहत नाही. दलालीवर 18 टक्के जीएसटी लागतो, पण वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या एजंटाला सहसा नोंदणी करावी लागत नाही. वाटणी नेहमी कराआधीच्या रकमेची करायची. खरेदीदाराने 2,40,000 वर 43,200 कर दिला तर ते 43,200 सरकारचे, वाटणीत धरायचे नाहीत. अर्ध्या-अर्ध्याच्या मूळ हिशेबात खरेदीदाराचा एजंट नोंदणी नसलेला आणि विक्रेत्याचा एजंट नोंदणी असलेला असेल, तर 60,000 घेताना विक्रेत्याचा एजंट त्यावर 10,800 कर लावून बिल देतो. पहिल्याला त्या कराची वजावट मिळत नाही. त्याच्या हातात 1,80,000 ऐवजी 1,69,200 उरतात. हे टाळायचे असेल तर ते 60,000 विक्रेत्याच्या एजंटाने थेट खरेदीदाराला बिल करणे हा एक उपाय आहे, पण मग कर खरेदीदारावर पडतो आणि त्याला तो आधी सांगावा लागतो.

वाटणीतली सर्वांत वाईट फसवणूक लपवलेल्या रकमेची. विक्रेता म्हणतो, ‘मला 1 कोटी 15 लाख हातात पाहिजेत, वरचे तुमचे.’ एजंट भाव 1 कोटी 20 लाख सांगतो आणि पाच लाख वर काढतो. विक्रेत्याने हे समजून-उमजून कबूल केले असेल तर ती त्याने दिलेली दलालीच आहे, आणि अर्धे-अर्धे ठरलेले असताना ते पाच लाख दुसऱ्या एजंटापासून लपवणे म्हणजे त्याच्या वाट्यावर हात मारणे. विक्रेत्याला पत्ता नसेल तर प्रश्न त्याहून गंभीर. एजंटाने मालकाच्या नकळत त्याच्या व्यवहारातून स्वतःसाठी फायदा काढला तर मालक तो मागू शकतो, हे भारतीय करार अधिनियम 1872 मधील एजन्सीच्या तरतुदींचे सूत्र आहे. अशा सौद्याची खूण ओळखीची असते. घेणारा आणि विकणारा समोरासमोर येऊ नयेत म्हणून एक एजंट फार झटतो, टोकनही ‘माझ्याकडेच द्या’ म्हणतो. पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोघे शेजारी बसतात आणि करारात किंमत छापलेली असते. तोपर्यंत भांडण टळते, पुढे नाही.

खरेदीदार नेमका कोणी आणला, हा वाद त्याहून वारंवार होतो. एका एजंटाने घर दाखवले, ग्राहक ‘कळवतो’ म्हणून गेला आणि महिनाभराने दुसऱ्याच एजंटाबरोबर तेच घर घ्यायला आला. ‘पहिल्यांदा दाखवले त्याची पार्टी’ असे काहीजण मानतात, तर ‘टोकन आणले त्याची’ असे बाकीचे. दोन्ही टोके चूक वाटतात. पहिल्या नियमाने एकदा कुलूप उघडून दिलेल्याला आयुष्यभराचा हक्क मिळतो, आणि दुसऱ्याने शेवटच्या दिवशी सूट देऊन पार्टी फोडणाऱ्याला बक्षीस. इंग्लंड-अमेरिकेतल्या न्यायालयांनी वापरलेली कसोटी जास्त उपयोगी आहे: सौदा कोणाच्या प्रयत्नांचा परिणाम आहे, आणि ते प्रयत्न मध्ये तुटले होते का? पहिल्या एजंटाचा पाठपुरावा चालू होता, भावाची बोलणी त्याच्यामार्फत झाली होती आणि ग्राहक फक्त दलाली वाचवायला दुसरीकडे गेला, तर हक्क पहिल्याचा. पहिल्याने नंतर फोनही केला नसेल आणि दुसऱ्याने कर्जाची अडचण सोडवून सौदा उभा केला असेल, तर दुसऱ्याचा. पुरावा म्हणून दाखवण्याच्या दिवशीचा एक संदेश पुरतो: ग्राहकाचे नाव, मोबाइलचे शेवटचे चार अंक, फ्लॅट आणि तारीख, विक्रेत्याच्या एजंटाला पाठवलेला. वाद झाल्यावर लिहिलेल्या दहा पानांपेक्षा त्याची किंमत जास्त.

एका बाजूला दोन एजंट असतील तर त्यांनी आपल्याच बाजूचे दोन भाग करायचे, समोरच्याचे नाही. एकत्र हिशेबात ते 50-25-25 असे दिसते. तिघांत सरळ तीन भाग करा, असे म्हणणारा साखळी लांबवून आपला फायदा करून घेत असतो.

महारेराकडे नोंदलेल्या नव्या प्रकल्पात विक्रीला मदत करणाऱ्या एजंटाची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून तिथे नोंदणी नसलेल्या सोबत्याला वाटा देण्याची बोली अडचणीत आणू शकते. नोंदणी नसताना काम केल्यास दिवसाला 10,000 रुपये दंड होऊ शकतो. जुन्या इमारतीतला रीसेल व्यवहार मात्र बहुधा या चौकटीबाहेर असतो.

अमेरिकेत उलट रीत रूढ होती. सगळी दलाली विक्रेत्याने द्यायची आणि तिच्यातला वाटा खरेदीदाराच्या एजंटाला मिळायचा, तोही आधीच एमएलएस या सामायिक यादीत जाहीर करून. म्हणजे खरेदीदाराच्या एजंटाचा पगार समोरची बाजू ठरवत होती. एका मोठ्या न्यायालयीन तडजोडीनंतर 17 ऑगस्ट 2024 पासून त्या यादीत असा वाटा जाहीर करणे बंद झाले आणि घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करणे आवश्यक झाले. मुंबईतला साइड बाय साइड त्यामानाने ग्राहकाला अधिक स्वच्छ आहे, फक्त तो लेखी नसतो.

पैसे कधी मिळाले असे मानायचे, हेही वाटणीतच येते. करार अधिनियमाच्या 219 व्या कलमानुसार वेगळे ठरले नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटाचा मेहनताना देय होत नाही. व्यवहारात विक्री करार नोंदला की दलाली द्यायची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. काहीजण टोकनला अर्धी आणि नोंदणीला अर्धी घेतात. टोकननंतर कर्ज नामंजूर झाले आणि सौदा मोडला तर मिळालेली अर्धी परत करायची की नाही, हे एका एजंटाने ग्राहकाला आणि दुसऱ्याने मालकाला वेगवेगळे सांगितलेले असते. मग एकजण परत करतो, दुसरा करत नाही, आणि एकत्र हिशेब असेल तर परत करणारा दुसऱ्याकडे त्याचा अर्धा भार मागायला जातो. टोकन घेण्याआधीच्या संदेशात ‘सौदा मोडल्यास दोघांनीही परत’ किंवा ‘दोघांनीही नाही’ असे एक वाक्य टाकणारे एजंट या भांडणातून सुटतात.