टाच मऊ केली आणि फोड आला

नवी चप्पल आणली की माझी आत्या आधी तिचा पट्टा दातांनी हळूच चावायची. आपण आधी चावलं की मग ती आपल्याला चावत नाही म्हणे. आमच्या अथणी-निपाणीकडच्या एकाही कोल्हापुरीने हा करार पाळल्याचं मला आठवत नाही. पण बूट कातडीवर 'घासतो' म्हणून फोड येतो, ही समजूतही अर्धवटच आहे. ती माझ्या घरातच उघडी पडली.

पुतणी एनसीसीत आहे. 26 जानेवारीच्या परेडसाठी बेळगावात रोज सकाळी तीन तास ड्रिल. मैदान लाल मातीचं, पावसाळा सरला की दगडासारखं. त्यावर 'सावधान'ला टाच आपटायची. आठवड्यात टाचा ठणकू लागल्या, तेव्हा तिने टाचेपुरते जेलचे जाड पॅड आणून दोन्ही बुटांत घातले. चौथ्या दिवशी म्हणाली, "काका, टाच दुखायची थांबली, खरं हे बघ." टाचेच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा पाण्याचा फोड.

पॅडने आपलं काम चोख केलं होतं. टाचेच्या हाडाखाली चरबीची नैसर्गिक गादी असते, पण वारंवार आपटून ती दुखावते. पॅड दाबला जातो, म्हणून पाय थांबायला किंचित जास्त वेळ मिळतो आणि दणका कमी होतो. मात्र आठ मिलिमीटर जाडीच्या पॅडवर टाचही वर उचलली जाते. बुटाच्या मागच्या भागात आतून एक कडक वाटी असते, तिला चांभार काउंटर म्हणतात. ती खाली फुगीर आणि वर निमुळती असते. टाचेचा फुगवटा त्या निमुळत्या भागाखाली अडकला की टाच जागची हलत नाही. पॅडमुळे तो फुगवटाच वर आला, पकड सुटली आणि प्रत्येक पावलाला टाच वरखाली होऊ लागली.

आता घासण्याची गोष्ट. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचं बोट दाबून ठेवा आणि न घसरता पुढेमागे हलवा. बोट कातडीवर घासत नाही, कातडी बोटाबरोबर जाते. हाड मात्र जागेवर राहतं. मधले थर तिरके ताणले जातात. बुटात याच्या उलट होतं. घामाने ओलसर कातडी मोज्याला आणि मोजा बुटाला चिकटून राहतो, आणि आतलं हाड वरखाली होतं. एकाच जागी वाकवत राहिलं की तार तुटते, तशी ही कातडी आतून फाटते. फाट पडते ती बाह्यत्वचेच्या आत, वरच्या टणक थराच्या खाली, आणि त्या फटीत पाणी भरतं. वरचं आवरण म्हणूनच शाबूत दिसतं. नुसतं घासलं असतं तर साल निघाली असती, फुगा आला नसता.

मोजून पाहा. तेज चाल म्हणजे मिनिटाला साधारण 120 पावलं. तीन तासांत खरं चालणं तासभर धरलं तरी 7200 पावलं, म्हणजे एकेका टाचेला 3600 ताण.

टाच किती उचलली जाते, ते आम्ही घरीच तपासलं. बूट बांधून उभं राहायचं, मोज्यावर बुटाच्या काठाशी पेनाने रेघ मारायची आणि चवड्यांवर उभं राहायचं. रेघ नऊ मिलिमीटर वर आली. मग जेलचा पॅड काढून पूर्ण पायाचा तीन मिलिमीटरचा सोल घातला. घोट्याशी लेस अडकवून आवळायची एक पद्धत असते, पण परेडच्या बुटाला लेस सरळ आडवीच दिसायला हवी. म्हणून चांभाराकडून बुटाच्या जिभेखाली फेल्टची पट्टी चिकटवून घेतली. ती पाय मागे दाबते, टाच काउंटरमध्ये बसते आणि बाहेरून काही दिसत नाही. पट्टी फार जाड झाली तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात. आमची एकदा कमी करावी लागली.

लोकरी मोज्याच्या आत पातळ नायलॉनचा मोजाही आला. घसरायचंच असेल तर दोन मोज्यांनी एकमेकांवर घसरावं, म्हणजे कातडीला ताण बसत नाही. टाल्कम पावडर मात्र घामात गोळे होऊन बसते. जागा लाल होऊन चुरचुरू लागली की तिथेच थांबून कागदी चिकटपट्टी लावायची. फोड आलाच तर वरची कातडी काढायची नाही. पू दिसला किंवा मधुमेह असेल तर डॉक्टर.

पुन्हा रेघ मारली तेव्हा ती तीन मिलिमीटरच उचलली. हे उरलेले तीन बुटाच्या नव्या, ताठ तळाचे होते. तो चवड्याशी वाकत नाही तोवर टाच उचलली जाणारच, म्हणून पुतणी संध्याकाळी बूट घालून घरातल्या जिन्यावर चढउतार करत होती. खालच्या भाडेकरूंची तक्रार आली, ती वेगळीच.