मुलाखत दिलीच होती की, मग परत परवानगीचं पत्र कशाला?

व्हिडिओ मुलाखत होऊन जाते आणि काही महिन्यांनी पत्रकाराचं पत्र येतं, की तुमची त्यातली दोन वाक्यं लेखात वापरू का. लोक गोंधळतात, कॅमेऱ्यासमोर बसलो म्हणजे हो म्हटलंच ना! पण बोललेले शब्द नक्की कोणाचे, हा वाद बराच जुना आहे.

१९०० साली ब्रिटनमध्ये वॉल्टर विरुद्ध लेन हा खटला गाजला. माजी पंतप्रधान लॉर्ड रोझबेरींची भाषणं ‘द टाइम्स’च्या बातमीदारांनी शॉर्टहँडमध्ये उतरवली होती, ती एका प्रकाशकाने पुस्तकात छापली, आणि तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की त्या वृत्तांताचा कॉपीराइट बातमीदारांचा. गंमत म्हणजे बोलणारा माणूस या भांडणात नव्हताच.

पुढे अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे गेल्यावर त्यांच्या मित्राने त्यांच्यातल्या गप्पा पुस्तकात छापल्या, तर पत्नी कोर्टात गेल्या. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्यांच्या विरोधात निकाल दिला, कारण हे शब्द माझे आहेत, छापू नका, असं हेमिंग्वेंनी कधी सुचवलंच नव्हतं. म्हणजे अट घालायची तर बोलतानाच घाला, असा त्याचा सरळ अर्थ.

ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात मात्र बोलणाऱ्याला जागा मिळाली. बोलणं रेकॉर्ड झालं की ते ‘साहित्यकृती’ धरलं जातं, रेकॉर्डिंग दुसऱ्याने केलं असलं तरी. ताज्या घडामोडींच्या बातमीसाठी ते वापरायला सूट आहे, पण बोलणाऱ्याने आधी मनाई केली नसेल तरच. आता समजा मुलाखत एका डॉक्युमेंटरीसाठी होती आणि वर्षभराने तीच वाक्यं वेगळ्या विषयावरच्या लेखात हवीत, तर ही ताज्या बातमीची सूट पुरेल याची खात्री नसते, पत्र लिहायची वेळ येते ती इथेच.

असल्या पत्रात ‘तुमची मुलाखत वापरायची आहे’ एवढंच लिहिलं तर काही उपयोग नाही. रेकॉर्डिंगची तारीख, 14:20 ते 14:55 असा टाइमकोड, त्यातलं वाक्य जसंच्या तसं आणि ते कुठे छापणार, हे सगळं हवं. टाइमकोड असला की समोरचा स्वतः क्लिप बघून ठरवू शकतो की मागचापुढचा संदर्भ कापलाय का, आणि खरी भांडणं त्यावरूनच होतात, शब्दांवरून फार कमी. उत्तर आलं नाही तर त्याला होकार समजू नये.

यात एक मोठा धोका आहे, परवानगी मागता मागता वाक्यं ‘मंजूर’ करून घेणं सुरू होतं. अमेरिकेत राजकारण्यांची माणसं अवतरणं आधी तपासून बदलून द्यायला लागली होती, शेवटी सप्टेंबर २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या बातमीदारांना सांगितलं की मुलाखतीसाठी अशी अट घातली तर नाही म्हणा. माझ्या मते तेच बरोबर. म्हणून चांगल्या पत्रात प्रश्न दोनच असतात, हे वाक्य इथे वापरू का आणि यात तथ्याची चूक आहे का. वाक्य गुळगुळीत करून द्या असं कोणी म्हटलं तर ते छापू नये, रेकॉर्डिंगमध्ये ते तसं नाहीये.